पहिल्या ग्राहकाकडे ‘दोन ओळी’ मागताना

नोकरी सोडल्यावरचं माझं पहिलं काम म्हणजे तासगावच्या एका काकांच्या बेदाण्याच्या पॅकिंगचं डिझाइन. पाव किलोचा पाऊच आणि अर्ध्या किलोचा बॉक्स. काम झालं, पैसे आले, काका खूश. मग मी त्यांना मेल केला. आज तो वाचला की कानकोंडं होतं.

“आमच्या सेवेबद्दल आपला बहुमोल अभिप्राय द्यावा, तसेच सदर काम पोर्टफोलिओत वापरण्यास परवानगी असावी, ही विनंती.”

तीन दिवसांनी उत्तर आलं: “काम छान झाले. ओके.”

आता ‘काम छान झाले’ हे नळ दुरुस्त करणाऱ्यालाही म्हणतात. आणि ‘ओके’ नक्की कशाला? मी मात्र ती परवानगीच धरली आणि सगळी फाइल अपलोड करायला बसले, नापास झालेल्या तीन डिझाइनांसकट. विचार कसा केला हे लोकांना दिसावं म्हणून. त्यातल्या एका डिझाइनवरचं नाव काकांनी पुढच्या वर्षी काळ्या मनुकांसाठी राखून ठेवलं होतं, अजून नोंदणीही केली नव्हती. सहज दुसऱ्या कामासाठी फोन केला आणि ते बोलण्यातून कळलं, म्हणून वाचले.

कुणी म्हणेल, डिझाइन तुझं, मग विचारायचं कशाला? कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याकडे जायला आपली सही असलेला लेखी कागद लागतो, हे खरं. पण तो कागद मीच दिला होता. ‘पूर्ण पैसे मिळाल्यावर सर्व हक्क ग्राहकाचे’ ही ओळ माझ्याच कोटेशनमध्ये, माझ्याच सहीच्या वर होती. आपलं कोटेशन एकदा उघडून बघा, बहुतेकांच्यात ती कुठून तरी चिकटवलेली असते. आणि ती नसली तरी ग्राहकाचं न ठरलेलं नाव चव्हाट्यावर मांडायचा हक्क काही आपल्याला मिळत नाही.

दुसरा मेल मी महिन्याने, दुसरी छपाई झाल्यावर पाठवला. बिलाबरोबर अभिप्राय मागू नये. बाकी अडकलेली असताना तर नाहीच, तो सौदा वाटतो.

“विषय: बेदाणा पाऊच, दोन छोट्या विनंत्या

काका, नमस्कार. दुसरी छपाई निघाली हे ऐकून बरं वाटलं. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एकीला हो आणि दुसरीला नको म्हणालात तरी चालेल.

एक. परवा फोनवर तुम्ही म्हणालात, ‘दुकानदार आता आपलं पाकीट मागच्या फळीवरनं काढून पुढं लावतोय.’ हेच वाक्य माझ्या वेबसाइटवर टाकू का? शब्द बदलायचे तर बदला. आणखी एक ओळ देणार असाल तर एवढंच सांगा, काम मला देताना धाकधूक कसली होती? खाली तुमचं नाव टाकू, फर्मचं, की नुसतं ‘बेदाणा उत्पादक, तासगाव’?

दोन. सोबत तीन फोटो जोडलेत: पाऊच, बॉक्स आणि दुकानातली फळी. मोबाइल नंबर आणि किंमत झाकली आहे. हे तीनच, वेबसाइटवर आणि इन्स्टाग्रामवर दाखवू का? नापास डिझाइनं आणि आपला व्यवहार कुठेही दाखवणार नाही. पुढे कधी काढायला सांगितलंत तर दोन दिवसांत काढेन.”

त्यांचं वाक्य त्यांनाच परत दिलं, हा यातला माझ्या मते महत्त्वाचा भाग. काही जण स्वतःच स्तुती लिहून ‘फक्त हो म्हणा’ असं पाठवतात. ती भाषा लगेच ओळखू येते. तासगावचा शेतकरी ‘व्यावसायिक दृष्टिकोन’ वगैरे म्हणत नसतो. आणि अभिप्रायाच्या बदल्यात पुढच्या कामात सूट तर अजिबात देऊ नये, मग तो अभिप्राय राहत नाही, जाहिरात होते.

धाकधुकीचा प्रश्न मुद्दाम. कारण नवा ग्राहक पान उघडतो तेव्हा त्याच्या पोटातही तीच धाकधूक असते.

मेलच का, व्हॉट्सअ‍ॅप का नाही? काका मेल बघतच नाहीत, त्यांचा मुलगा बघतो. पण उत्तर तारखेसकट, त्याच फोटोंखाली राहतं. मी मेल टाकून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘मेल बघा’ एवढं कळवलं. आठवडाभर उत्तर आलं नसतं तर एकदाच आठवण केली असती आणि मग गप्प बसले असते. उत्तर न येणं म्हणजे हो नव्हे.

उत्तर चौथ्या दिवशी आलं. फर्मचं नाव टाका. पाऊच, बॉक्स चालेल. फळीचा फोटो नको, कारण शेजारी दुसऱ्याचा माल दिसतोय आणि दुकानदाराला कुणी विचारलेलं नाही. (हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.) आणि खाली ही ओळ:

“धाकधूक एवढीच, की पोरगी शहरातली, चांगला बेदाणा हिरवट असतो हे तिला ठाऊक असेल का. पहिल्याच डिझाइनला रंग बरोबर आला.”

सध्या माझ्या वेबसाइटवर सगळ्यात वर हीच ओळ आहे. फळीवालं वाक्य तिच्या खाली गेलं.