कुलूप शाबूत, कपाट उघडं

गावच्या घराच्या पडवीत आमचं एक दोन दारांचं लाकडी कपाट आहे, त्यात कुदळ, पंपाचे सुटे भाग आणि वडिलांनी कधीतरी लागेल म्हणून ठेवलेलं सगळं. गणपतीला गेलो तर कपाट उघडं आणि कुलूप जसंच्या तसं बंद! चारशेचं कुलूप कोयंड्यात ऐटीत लटकतंय आणि कडी दारातून उचकटून त्याला लोंबतेय, चार अर्ध्या इंची स्क्रूंसकट. चोराने कुलपाला हातसुद्धा लावला नव्हता, कडीखाली पहार घालून एक हिसका दिला असणार, स्क्रूच्या आट्यांनी लाकडाचा भुसा तेवढा बाहेर आणला.

म्हटलं आता आरपार नट-बोल्टच. म्हणजे कडी ओढली तरी आतला नट लाकूड फाडून बाहेर यायला पाहिजे, आणि नटाखाली लोखंडी पट्टी असली तर तो जोर अख्ख्या पट्टीवर पसरतो. गोल डोक्याचे ६ मिमीचे बोल्ट आणले, डोक्याखाली मान चौकोनी. पण कडीची भोकं गोल, मान काही आत जाईना, मग कानस घेऊन एकेक भोक चौकोनी करत बसलो. ही मान कडीत बसली नाही तर नट आवळताना बोल्ट जागच्या जागी गरगर फिरतो, आणि गोल डोक्याला बाहेरून धरणार कुठे? (हीच गोष्ट पुढे चोराचीही अडचण होते, म्हणून तर हा बोल्ट.)

भोकं पाडताना पहिल्या भोकाला दारामागे लाकडाचा तुकडा धरला नाही, आतल्या बाजूने चांगली बोटभर ढलपी उडाली. ती पट्टीखाली झाकली, कोणाला सांगू नका.

बोल्ट मी ६५ मिमीचे घेतले होते, लांब म्हणजे मजबूत असा आपला हिशोब. दाराची जाडी २५, कडी-पट्टी-वायसर-नट मिळून अजून बारा, उरलेले २८ मिमी आतल्या फळीवर ठोकर मारायला लागले आणि दार मिटेचना. म्हणून सगळे काढून उलटे घातले, डोकी आत, शेपट्या बाहेर, दार झकास मिटलं. आई चहा घेऊन आली, बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, नट बाहेर ठेवलेस, आता चोराला पाना पण ठेव की."

परत काढले, सुलटे घातले, नट आवळून उरलेल्या शेपट्या हॅकसॉने कापल्या. कडी लावून पहार घातली, लोंबकळलो, जरासुद्धा हलली नाही.

दिवाळीत चावी हरवली. सुतारकाकांना बोलावलं, कडी मोडणं शक्यच नाही हे मी अभिमानाने सांगितलं. काका हो म्हणाले, स्क्रूड्रायव्हर काढला आणि कपाटाच्या दुसऱ्या अंगाला जाऊन बाहेरून मारलेल्या बिजागऱ्यांचे स्क्रू एकेक करून काढायला लागले.