संकष्टीचा चंद्र पृथ्वीच्या सावलीत नसतो

«बालमित्रांनो, चांदोबा रोज थोडा थोडा दिसेनासा का होतो बरं? कारण आपल्या पृथ्वीची सावली त्याच्यावर पडते! सावली वाढत गेली की अमावास्येला चांदोबा पूर्ण झाकला जातो, आणि सावली सरकली की पौर्णिमेला पुन्हा पूर्ण बाहेर येतो. लहान मुलांना एवढंच सांगावं, याहून जास्त त्यांना कळत नाही.»

पुण्यात आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांना मुलांसमोर वाचायची जी संहिता हातोहात फिरते आहे, तिच्यातला हा उतारा. संहितेतल्या सप्तर्षींच्या आणि ध्रुवाच्या गोष्टी छान जमल्या आहेत, त्या जरूर वाचाव्यात. हा उतारा मात्र पूर्ण बदलायला हवा. पृथ्वीची सावली खरी आहे, ती चंद्रावर कधीकधी पडतेही. पण तिची जागा आणि तिची तिथी, दोन्ही इथे उलटी झाली आहेत.

आधी अमावास्या आणि पौर्णिमा. पृथ्वीची सावली नेहमी सूर्याच्या बरोब्बर विरुद्ध दिशेला पडते. अमावास्येला चंद्र असतो सूर्याच्याच बाजूला. त्याच्याबरोबर उगवतो, त्याच्याबरोबर मावळतो. म्हणजे त्या दिवशी चंद्र आणि सावली यांच्यामध्ये अख्खी पृथ्वी उभी असते. सावलीच्या दिशेला चंद्र जातो तो पौर्णिमेलाच. संहितेने ज्या रात्री त्याला सावलीतून बाहेर काढलं, नेमकी तीच रात्र त्याला सावलीत शिरता येण्याची.

तो खरंच सावलीत शिरला की काय होतं, हे ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास ग्रहणात दिसलं. त्या रात्री नऊ वाजून सत्तावन्न मिनिटांनी सावलीची कड चंद्राला लागली आणि एक वाजून सव्वीस मिनिटांनी ती सुटली. मधला जवळजवळ दीड तास चंद्र पूर्ण सावलीत होता, आणि तरी तो नाहीसा झाला नव्हता. पृथ्वीच्या वातावरणातून वळून जाणाऱ्या लालसर उजेडामुळे तेव्हा चंद्र तांबूस दिसतो. सगळं प्रकरण साडेतीन तासांत आटोपलं. चंद्राच्या कलांचं एक आवर्तन साडेएकोणतीस दिवसांचं असतं. या दोन गोष्टींमागे एकच कारण असणं शक्य नाही.

ही सावली मुलांना ग्रहणाशिवायही दाखवता येते. सूर्य मावळल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी पर्वतीवरून किंवा कोणत्याही मोकळ्या टेकडीवरून पूर्वेला पाहा. हवा स्वच्छ असेल तर क्षितिजाला लागून निळसर करडा पट्टा दिसतो आणि त्याच्यावर फिकट गुलाबी. तो करडा पट्टा म्हणजे हवेवर पडलेली पृथ्वीचीच सावली. शुक्ल तृतीयेच्या सुमाराचा दिवस असेल तर मुलांना म्हणावं, आता मागे वळा. पश्चिमेला चंद्राची कोर असते. सावली एका टोकाला, कोर दुसऱ्या टोकाला, मध्ये जवळजवळ सगळं आकाश.

आता आपल्या घरातलं उदाहरण घेऊ, कारण पुण्यातल्या मुलांना ते सगळ्यात जवळचं आहे. संकष्टीला आजी चंद्रोदयाची वाट बघत असते. साधारण नऊ-साडेनऊला चंद्र उगवतो, आणि तो पूर्ण गोल नसतो. संहितेप्रमाणे पाहिलं तर इथे सावलीने कुरतडायला सुरुवात केलेली असायला हवी. ते तपासायला पंचांग पुरतं. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातल्या कोनाचंच माप आहे, दर १२ अंशांना एक तिथी. पौर्णिमा संपते तेव्हा हा कोन १८० अंश असतो, म्हणजे चंद्र सूर्याच्या अगदी समोर. कृष्ण चतुर्थी सुरू होते त्यानंतर ३६ अंशांनी आणि संपते ४८ अंशांनी. म्हणून संकष्टीच्या चंद्रोदयाला चंद्र सावलीच्या जागेपासून किमान ३६ अंश दूर गेलेला असतो.

हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण १० अंश झाकते. तर संकष्टीला चंद्र क्षितिजावर आला की तिथून त्याच्या वाटेने चार मुठी वर मोजा. पृथ्वीची सावली त्या वेळी तिथे, रिकाम्या तारकांमध्ये असते. ती किती मोठी? चंद्राच्या अंतरावर गडद सावलीची रुंदी सुमारे ९,००० किलोमीटर, म्हणजे चंद्राच्या अडीचपटीहून थोडी जास्त. आकाशात ती दीड अंशाहूनही कमी जागा व्यापते. चार मुठींवर असलेल्या एवढ्याशा सावलीने चंद्राचा दहावा ते सहावा भाग कसा झाकायचा? संकष्टीला चंद्रबिंबाचा साधारण ८३ ते ९० टक्के भाग उजळलेला असतो, आणि हा आकडा त्याच कोनातून निघतो. सावलीचा त्यात काडीचाही हिशेब येत नाही.

मग अंधारा भाग कसला? ती चंद्राची स्वतःची रात्र. कोणत्याही क्षणी त्याची सूर्याकडची अर्धी बाजू उजेडात असते आणि उरलेली अर्धी अंधारात. तो आपल्याभोवती फिरतो तेव्हा त्या उजळ अर्ध्यापैकी किती भाग आपल्याकडे वळलेला आहे तेवढंच बदलतं. आयुकाच्या आवारात ज्याचा पुतळा आहे त्या आर्यभटाने ४९९ च्या आर्यभटीयात हे लिहून ठेवलं आहे: पृथ्वी, ग्रह यांचे अर्धे गोल स्वतःच्याच सावलीने काळे असतात आणि सूर्याकडचे अर्धे उजळतात. पृथ्वीची मोठी सावली चंद्राला झाकते, हेही त्याने सांगितलं आहे, पण वेगळ्या श्लोकात आणि ग्रहणाबद्दल. पंधराशे वर्षांपूर्वी वेगळ्या ठेवलेल्या या दोन गोष्टी आपण एकत्र कालवू नयेत.

कार्यक्रमात दुर्बीण असेल तर पुरावा समोरच आहे. शुक्ल अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवर दुर्बीण धरा. तिथल्या विवरांच्या कडांच्या सावल्या लांबच लांब पडलेल्या असतात, आणि सीमेपलीकडे काळोखात एखादं शिखर एकटंच चमकत असतं. तिथे सूर्य नुकताच उगवतो आहे. ती सीमा पृथ्वीच्या सावलीची कड असती तर विवरांवर असा तिरपा उजेड पडलाच नसता. शिवाय सावलीची कड नेहमी गोलाकार असते आणि तिचा फुगवटा चंद्राच्या उजळ भागात घुसतो. अष्टमीची सीमा सरळ असते आणि दशमी-एकादशीला तर उलट उजळ भागच अंधाराकडे फुगतो. गोल सावलीने ही आकृती काढता येत नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, मुलांना कळत नाही हा. मला हा सगळ्यात कमी पटतो. पाच-सहा वर्षांच्या मुलांना आकडे आणि कोन सांगायचेच नाहीत, त्यांच्या हातात चेंडू द्यायचा. अंधाऱ्या खोलीत किंवा मंडपात एक उघडा बल्ब मुलाच्या डोक्याच्या उंचीवर, दोन-तीन मीटर लांब ठेवा. ट्यूबलाइट नको, आणि बाकीच्यांना मोबाइलचे टॉर्च बंद करायला सांगा. दोन दिवे असले की चेंडूवर दोन उजळ बाजू दिसतात आणि सगळा घोटाळा होतो. पांढरा थर्माकोलचा चेंडू काडीवर खोचून मुलाने हात लांब करून धरायचा आणि त्याच्याकडे बघत जागच्या जागी डावीकडे वळायचं. उजवीकडे वळलं तर कला उलट्या क्रमाने येतात. बल्बकडे तोंड असताना चेंडूची काळी बाजू दिसते, ही अमावास्या. थोडं वळलं की उजव्या कडेला कोर येते, पाव फेरीला अर्धा चेंडू उजळतो, पाठ बल्बकडे झाली की पूर्ण.

नेमका इथेच प्रयोग फसतो. पाठ बल्बकडे झाली की मुलाच्या डोक्याची सावली चेंडूवर पडते. मूल ओरडतं, «सावली पडली!», आणि ताई म्हणते, «बघा, मी सांगत होते ना!» संहितेतली समजूत बहुधा अशीच टिकून राहते. उपाय सोपा आहे. त्या जागी चेंडू डोक्यापेक्षा जरा वर धरायचा. ही लबाडी नाही. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेला सुमारे ५ अंश कललेली आहे, म्हणून बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. पृथ्वी ७ सेंटिमीटरचा चेंडू धरली तर चंद्र २ सेंटिमीटरची गोटी, दोघांमधलं अंतर सव्वादोन मीटरला थोडं कमी, सावलीची रुंदी तिथे ५ सेंटिमीटर, आणि गोटी वर-खाली १९ सेंटिमीटरपर्यंत जाते. चुकणंच जास्त स्वाभाविक आहे. सगळ्या मुलांचा पूर्ण चंद्र बघून झाल्यावर मग मुद्दाम चेंडू खाली आणून डोक्याच्या सावलीत घ्यायला सांगा: आता झालं ग्रहण.

उताऱ्याच्या जागी एवढं वाचता येईल:

«मुलांनो, चांदोबाकडे स्वतःचा दिवा नाही. सूर्य त्याच्या एका बाजूवर उजेड टाकतो. दुसऱ्या बाजूला तेव्हा रात्र असते. चांदोबा आपल्याभोवती फिरतो, म्हणून कधी त्याची सगळी उजळ बाजू आपल्याकडे असते, कधी थोडीशीच, आणि कधी सगळीच पलीकडे. चांदोबा मात्र रोज तेवढाच गोल असतो. आता चेंडू हातात घ्या आणि शोधून काढा, कोर कुठे उभं राहिल्यावर दिसते?»

एक भर माझी. चित्रांत कोर उभी काढलेली असते, पण पुण्याच्या अक्षांशावर फाल्गुन-चैत्रात संध्याकाळची कोर होडीसारखी आडवी पडलेली दिसते, कारण सूर्य तेव्हा जवळजवळ तिच्या सरळ खाली मावळलेला असतो. एखाद्या मुलाने तशी आडवी काढली तर ती चूक म्हणून खोडू नका. आणि कार्यक्रम शुक्ल अष्टमीला असेल तर मुलांना पाचलाच बोलवा. चंद्र तेव्हा वर आलेला असतो आणि सूर्य पश्चिमेला असतो. चंद्राच्या दिशेने चेंडू उन्हात धरला की चेंडूवर आणि चंद्रावर अगदी सारखाच अर्धा उजेड दिसतो. मुलांनी सूर्याकडे मात्र बघायचं नाही, हे आधीच बजावून ठेवा.