पत्ते, दोरा आणि पायमोजा: पचनसंस्थेच्या पाठावरील प्रतिक्रियेला उत्तर

"मॅडम, पाठ वाचला. पिशवीत भाकरी कुस्करायची आणि पायमोज्यातून पिळायची, यात मुलांना मजा येते, पण पचन कळत नाही. पत्ते लावणं म्हणजे क्रम पाठ करणंच. शिवाय यकृत आणि स्वादुपिंड त्याच गठ्ठ्यात देऊन तुम्ही गोंधळ वाढवता. फळ्यावर नीट आकृती काढली तर दहा मिनिटांत काम होतं."

सर, नमस्कार. यकृताच्या पत्त्यापासून सुरुवात करते, कारण तो पत्ता मी मुद्दामच त्या गठ्ठ्यात ठेवलेला आहे.

आकृतीत यकृत जठराला लागून, थोडं त्याच्यावर आलेलं दिसतं. मुलं ती हुबेहूब काढतात, नावंही बरोबर देतात, आणि तरीही घास यकृतातून जातो असं समजत राहतात. आकृती तपासताना हे मला कधीच कळत नाही. पत्ते मांडले की लगेच कळतं. तोंड, अन्ननलिका, जठर, यकृत, मग लहान आतडं, अशी सरळ रांग निम्म्याहून जास्त गट लावतात. तेव्हा मी चूक-बरोबर काही न बोलता त्यांच्या हातात दोरा देते. आपल्या सोलापुरात चादरीच्या कारखान्यातला उरलेला दोरा कुठल्याही मुलाच्या घरी मिळतो. सांगते, "भाकरीचा घास जिथून जिथून जातो, तिथूनच हा दोरा न्या." दोरा यकृताच्या पत्त्यावर आला की विचारते, "घास यकृतात शिरतो कुठून आणि बाहेर पडतो कुठून?" मग पुस्तकं उघडतात, वाद होतो आणि पत्ता रांगेतून बाहेर सरकतो. दुसरा, पिवळा दोरा पित्तरसाचा: यकृतातून निघतो, पित्ताशयात साठतो आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला येऊन मिळतो. स्वादुपिंडाचा रसही तिथेच येतो. दोन्ही दोरे एकाच जागी मिळताना पाहिले की स्निग्ध पदार्थांचं पचन लहान आतड्यात का होतं, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

यकृत आणि स्वादुपिंडाचे पत्ते आधीच वेगळ्या रंगाचे करून दिले, तर गोंधळ होणार नाही हे खरं. पण मग उत्तर मीच दिलेलं असेल.

इथे एक काळजी घ्यावी लागते. "अन्न यकृतात जात नाही" असं मोघम वाक्य मी फळ्यावर लिहीत नाही. घास जात नाही, पण भाकरीतल्या पिठाची साखर होऊन ती आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरते, आणि ते रक्त आधी यकृताकडेच जातं. एखादं हुशार पोर हा प्रश्न विचारतंच. त्याच्यासाठी तिसरा, लाल दोरा असतो.

आता मॉडेल. पिशवीत भाकरी पचत नाही, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे आणि वर्गात मी ते स्पष्ट सांगते. आपली कडक भाकरी चुरून पाण्यात मळली की ती फक्त बारीक आणि मऊ होते. लिंबू पिळल्याने जठरातली आंबट स्थिती लक्षात येते, इतकंच. जठरात प्रथिनांचं पचन सुरू होतं, आणि ते काम लिंबू करत नाही. पायमोज्यातून पाणी बाहेर येतं कारण आपण पिळतो. आतडं असं पिळून काढत नाही. आतल्या बारीक उंचवट्यांवरच्या पेशी पचलेलं शोषून घेतात. मॉडेलमधून एवढंच घ्यायचं, की काही भाग भिंतीपलीकडे जातो आणि चोथा पुढे सरकतो.

प्रत्यक्ष पचन दाखवायला मी भाताची पेज वापरते. दोन परीक्षानळ्यांत पातळ पेज घ्यायची, एकीत विद्यार्थ्याने स्वतःची लाळ घालायची, दुसरीत तेवढंच पाणी. दोन्ही कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवून आयोडीनचा थेंब टाकला की पाण्याची नळी निळी-काळी होते आणि लाळेची पिवळसर-तपकिरी राहते. दोन्ही काळ्या झाल्या तर बहुतेक वेळा पेज दाट असते, लाळ कमी पडलेली असते किंवा पाणी फार गरम असतं. उकळत्या पाण्यात लाळेतलं विकर निकामी होतं. बोट बुडवून सुखावह वाटेल इतपतच पाणी हवं.

दहा मिनिटांचा हिशेब मला पटत नाही, कारण पाठ झाल्यावर मी क्रम विचारतच नाही. मी मांडलेल्या पत्त्यांतून पित्ताशय उचलते आणि विचारते, "खड्यांमुळे ऑपरेशन करून हे काढलं. आता जेवण पचेल का?" ज्याने क्रम पाठ केला आहे तो म्हणतो, साखळी तुटली, पचणार नाही. ज्याने दोरे लावलेत तो पिवळा दोरा यकृतापासून थेट आतड्यापर्यंत ओढतो आणि सांगतो: पचेल, पित्त यकृतातच तयार होतं, आता ते साठून न राहता थोडं थोडं येत राहील, फार तेलकट जेवण मात्र एकदम झेपणार नाही.