चार पानांचं भाषण तीन कार्डांवर

रविवारी मुलगी वर्षाची होते आहे. संध्याकाळी हॉलवर ऐंशीएक माणसं येणार, सासरची आणि माहेरची मिळून, आणि बापाने सरल्या वर्षावर चार शब्द बोलायचं ठरलंय. त्याने कट्ट्यावर चार पानं लिहूनच आणली. जून ते मे, दर महिन्याला एक परिच्छेद.

मास्तर लग्नामुंजीत निवेदन करतात. त्यांनी अंदाजे शब्द मोजले. "चौदाशे आहेत. माइकवर सावकाश बोललं की मिनिटाला सव्वाशे शब्द होतात, म्हणजे ही अकरा मिनिटं झाली. तीनच मिनिटं ठेव. वर्षाचं मूल कुणाच्या मांडीवर त्याहून जास्त वेळ गप्प बसायचं नाही, आणि ते रडलं की सगळ्या हॉलच्या माना तिकडे वळतात."

"मग बारा महिन्यांतला कुठला गाळू?"

"महिनेच गाळ. तिसऱ्यात मान धरली, पाचव्यात पालथी पडली, नवव्यात रांगायला लागली. थोडं मागेपुढे होतं, पण हे सगळ्याच मुलांचं होतं, आणि व्हिडिओ तू तेव्हाच पाठवलेत. तिच्या वर्षात आपण कुठे होतो, हे त्या माणसांना ऐकायचंय."

इथे बापू अडला. मंडप आणि साउंडचं काम त्याचं, दर आठवड्याला असे कार्यक्रम त्याच्यासमोर होतात. "मग आभाराची नावं घ्यावीच लागतील. मामाचं नाव राहिलं तर वर्षभर ऐकावं लागतं."

"यादी वाचली की एक नाव राहतंच," मास्तर म्हणाले. "तीस नावं घेतली तर एकतिसावा दुखावतो, आणि ज्यांची घेतली त्यांनाही ती हजेरीच वाटते. त्यापेक्षा काम सांगावं. काम नेमकं सांगितलं की माणूस आपोआप ओळखू येतो."

म्हणून चार पानांतली कामं शोधली. जन्म चिपळूणला आजोळी, ऐन पावसात. दुपटी वाळेनात, तेव्हा मामी शेगडीतल्या निखाऱ्यांवर बांबूची टोपली उपडी घालून तिच्यावर दुपटी वाळवायची. हे तिसऱ्या पानावर अर्ध्या ओळीत दडलेलं होतं. ते पहिलं कार्ड झालं. दुसरं कार्ड नोव्हेंबरचं, पाचव्या महिन्यातल्या उष्टावणाचं. चांदीच्या वाटीतली खीर ओठाला लावली आणि तिने ती फुर्र करून उडवली. पुढे रोजचं खाणं सुरू झाल्यावर काकूंनी दर महिन्याला अर्धा किलो नाचणीसत्त्व धाडलं. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवून दळायची आणि वस्त्रगाळ करायची, असं तीन-चार दिवसांचं ते काम.

बापू म्हणाला, "मामी माहेरची, काकू सासरची. बरोबरी झाली. ओळीसुद्धा मोजून सारख्या ठेव, नाहीतर लोक मोजतात."

तिसऱ्या कार्डावर मात्र भांडण झालं. बापाला तिथे पहिल्या आठवड्यातली कावीळ सांगायची होती, दोन दिवस दिव्याखाली ठेवलेलं बाळ. ताईंनी हात आडवा केला. त्या अंगणवाडी सेविका. "नवजात बाळाला पहिल्या आठवड्यात कावीळ होणं नेहमीचं आहे. पण हॉलमध्ये ते बोललास की जेवणाच्या पंगतीत कुणीतरी आईला विचारणार, तू काय खाल्लं होतंस? त्या दोन दिवसांबद्दल बोलायचं की नाही, ते तिने ठरवायचं. तिला आधी विचारलंस का?"

त्याने विचारलं नव्हतं. परिच्छेद तिथेच बाजूला ठेवला.

"वजनही काढ," ताई पुढे म्हणाल्या. पानावर होतं: जन्माला २.८ किलो, आता ८.६. बापाने हरकत घेतली, यात लपवायचं काय? वर्षाला जन्मवजनाच्या तिप्पट म्हणजे चांगलीच वाढ की. "वाढ चांगलीच आहे. पण तो आकडा माझ्या नोंदवहीत शोभतो. भरल्या हॉलमध्ये बोललास की दोन मिनिटांत दुसऱ्या कुणाच्या नातवाशी तुलना सुरू होते, आणि आजीला नजरेची काळजी लागते ती वेगळीच. वाढ दाखवायची तर बारशाचं झबलं आण."

ही सूचना सगळ्यांनी उचलून धरली. बाराव्या दिवशीचं झबलं हातात उंच धरलं की शेवटच्या रांगेलाही दिसतं, आणि आज त्यातून तिचा एक हातही जायचा नाही.

तिसरं कार्ड अखेर आईचं ठरलं. सव्वीस आठवड्यांची रजा संपून ती डिसेंबरात कामावर गेली, तेव्हा दोन्ही आज्या एकेक महिना आळीपाळीने राहायला आल्या. हे तिनेच सांगावं. बाप बोलेल तर ते आभार होतील, ती बोलेल तर त्या महिन्यांत आपण कशाच्या भरवशावर घराबाहेर पडत होतो ते कळेल.

मग वेळ. बापाच्या मनात औक्षण झाल्यावर बोलायचं होतं. बापू ठाम होता की आधी बोलायचं. एकदा ओवाळून झालं की लोक आहेर द्यायला रांग लावतात, मुलं केककडे धावतात, कुणाचंच लक्ष राहत नाही. शिवाय तबकातलं निरांजन पेटवून भाषण सुरू केलं तर हॉलच्या पंख्याने ते विझतं, आणि मूल जवळ असेल तर ज्योतीला हात घालतं. कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी सगळं मांडून ठेवायचं, वात मात्र भाषणाच्या शेवटच्या वाक्याला लावायची. सुरुवात सव्वासातला. बाळ दुपारची झोप काढून, खाऊन तयार असतं. आठ वाजेपर्यंत पाहुण्यांची वाट पाहिली तर ते पेंगतं.

"आणि कडेवर मुलगी, हातात माइक, असं करू नकोस," बापूने बजावलं. "ती माइक ओढते. स्पीकरच्या पुढे जाऊ नकोस, मागेच उभा राहा, नाहीतर शिट्टी वाजते आणि ती दचकून रडते. मोबाइलमधून वाचू नकोस. स्क्रीन मध्येच काळी होते."

मास्तरांनी तिथल्या तिथे पहिलं कार्ड लिहून दिलं. स्वागत वगैरे निवेदक करेल, बापाने थेट सुरू करायचं:

"गेल्या जूनमध्ये चिपळूणला दहा दिवस पाऊस थांबला नव्हता. घरात एक दुपटं कोरडं नव्हतं. मामींनी शेगडीवर टोपली उपडी घातली आणि रात्री उठून उठून दुपटी उलटली. ही आमची लेक तेव्हा एवढ्याशा झबल्यात मावत होती." इथे झबलं वर धरायचं आणि लोक पाहीपर्यंत थांबायचं. पाच सेकंद. मधे बोलायचं नाही.

शेवटाला बापाने लिहिलं होतं, "ज्ञात-अज्ञात सर्वांचे मनःपूर्वक आभार." ते खोडून मास्तरांनी लिहिलं: "कुणी रात्री फोन उचलला, कुणी नुसतं बाळाला घेऊन आम्हाला जेवू दिलं. ते आम्हाला आठवतंय. आता दोन्ही आज्या औक्षण करतील, आणि मग पानं वाढली आहेत." लोकांनी पुढे काय करायचं ते यात आलं, त्यामुळे टाळ्या कधी वाजवायच्या हेही कुणाला विचारावं लागत नाही.

बापाने तिन्ही कार्डं मोठ्याने वाचली. आईच्या भागासकट दोन मिनिटं पन्नास सेकंद झाली. बापूला मात्र अजून वाटत होतं की मामाचं नाव कुठेतरी यायला हवं. ताई म्हणाल्या, जावळाला मुलगी त्याच्याच मांडीवर बसणार आहे, त्याचा मान तेव्हा आहेच.