ग्लुकोमीटरच्या आकड्यातून 30 वजा करू नका

«घरचं ग्लुकोमीटर अख्ख्या रक्तातली शुगर मोजतं, लॅब फक्त प्लाझ्मातली. म्हणून मशीन नेहमी 30 जास्त दाखवतं. घरच्या आकड्यातून 30 वजा करा, तीच खरी शुगर. लॅबशी आकडा जुळला नाही तर मशीन फेकून द्या, कंपन्या मुद्दाम जास्त दाखवतात. बोट टोचल्यावर पहिला थेंब नेहमी पुसून टाका. सर्वांना पाठवा.»

हा मेसेज माझ्या मावशीपर्यंत पोहोचला आणि तिने तो पाळला, म्हणून हे लिहितो आहे. मावशी रात्री इन्सुलिन घेते. डॉक्टरांनी तिला सांगितलेलं आहे की उपाशीपोटी शुगर सलग तीन दिवस 130 च्या वर राहिली तर डोस 2 युनिटने वाढवायचा. तिच्या मशीनवर 152, 147, 155 असे आकडे येत होते. वहीत मात्र तिने 122, 117 आणि 125 लिहून ठेवले होते. डोस अर्थातच वाढला नाही. वही डॉक्टरांसमोर गेली असती तर त्यांनाही सगळं आलबेल दिसलं असतं.

सगळ्यात आधी मेसेजमधलं «शास्त्रीय कारण» बघू, कारण बाकीचा डोलारा त्यावरच उभा आहे आणि ते चक्क उलटं आहे. ग्लुकोज पाण्यात विरघळलेलं असतं. प्लाझ्मा म्हणजे पेशी वगळून रक्तात उरणारा द्रव. त्याचा सुमारे 93 टक्के भाग पाणी असतो, तर लाल पेशींच्या आत पाण्याचं प्रमाण जेमतेम 71 टक्के. त्यामुळे एक मिलिलिटर प्लाझ्मात जितकं ग्लुकोज सापडतं, त्यापेक्षा कमी ग्लुकोज एक मिलिलिटर अख्ख्या रक्तात सापडतं. नेहमीच्या हिमोग्लोबिनच्या माणसात हा फरक सुमारे 11 टक्क्यांचा असतो: अख्ख्या रक्तात 100 तर प्लाझ्मात 111. म्हणजे मशीन खरंच अख्ख्या रक्ताचा आकडा दाखवत असतं, तर तो लॅबपेक्षा कमी यायला हवा होता. जास्त नाही. ज्याने हा मेसेज लिहिला त्याने कारण कुठून तरी उचललं, पण ते आकड्याला कोणत्या दिशेला ढकलतं हेसुद्धा पाहिलं नाही.

शिवाय हा हिशेब तुम्ही करायची गरजही नाही. जुनी काही मशीनं अख्ख्या रक्ताचा आकडा दाखवायची, तिथून हा घोळ सुरू झाला असावा. आजची जवळजवळ सगळी मशीनं अख्ख्या रक्ताच्या थेंबावरच काम करतात, पण पडद्यावर प्लाझ्माशी जुळवलेला आकडा देतात. स्ट्रिपच्या डबीतल्या माहितीपत्रकात तसं लिहिलेलं असतं. जे रूपांतर मशीनने आधीच केलं आहे, ते आपण पुन्हा करायचं आणि तेही उलट्या दिशेने, याला काय म्हणावं?

आता त्या 30 कडे येऊ. घरच्या मशीनसाठी ISO 15197 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. 2013 च्या आवृत्तीतली अट समजायला सोपी आहे. लॅबच्या पद्धतीने मोजलेली शुगर 100 पेक्षा कमी असेल तर मशीनचा आकडा 15 मिलिग्रॅमच्या आत हवा, वर किंवा खाली. शुगर 100 किंवा जास्त असेल तर फरक 15 टक्क्यांच्या आत हवा. 100 पैकी किमान 95 रीडिंग या हद्दीत बसली पाहिजेत. उरलेल्या पाचांबद्दलही अट आहे, पण इथे एवढं पुरे.

हे आकड्यांत मांडून पाहा. लॅबमध्ये 80 असेल तर मशीनवर 65 ते 95 मधलं काहीही चालतं. लॅबमध्ये 200 असेल तर 170 ते 230 चालतं. लॅबमध्ये 300 असेल तर 255 ते 345. म्हणजे 200 वर 30 चा फरक हा मशीनच्या मान्य हद्दीतला आहे, आणि 90 वर तोच 30 चा फरक म्हणजे काहीतरी नक्की चुकलं आहे. फरकाची मुभा शुगरबरोबर बदलते, म्हणून सगळीकडे लागू पडेल असा एकच आकडा असू शकत नाही. आणि ही मुभा दोन्ही बाजूंनी आहे. मशीनने आधीच 10 कमी दाखवलं असेल आणि त्यातून तुम्ही आणखी 30 काढलेत, तर खऱ्या शुगरपासून तुम्ही 40 लांब गेलात.

त्याचा परिणाम दोन्हीकडे होतो. मावशीच्या बाबतीत वाढलेली शुगर लपली. दुसरा कोणी 96 मधून 30 काढेल, 66 झाली म्हणून घाबरून साखर खाईल आणि पुढच्या वेळी इन्सुलिन कमी टोचेल. दोघांच्याही मशीनने आपलं काम नीट केलेलं असेल.

इतकं सगळं बोलल्यावर एक गोष्ट मान्य करावीच लागते. जेवणानंतर घरचा आकडा लॅबपेक्षा 20, 30 किंवा कधी त्याहूनही जास्त येणं हे अनेकांनी पाहिलेलं आहे आणि ते खोटं नाही. मात्र त्यात मशीनचा दोष नसतो. बोटातून येणारं केशवाहिन्यांमधलं रक्त धमनीतल्या रक्ताच्या जवळचं असतं. लॅबवाले शिरेतून रक्त घेतात, आणि ते रक्त हाताच्या स्नायूंना ग्लुकोज देऊन परत निघालेलं असतं. उपाशीपोटी स्नायू फारसं ग्लुकोज ओढत नाहीत, म्हणून दोन्हींत किरकोळ फरक असतो. जेवणानंतर इन्सुलिन चढतं, स्नायू ग्लुकोज खेचून घेतात आणि बोट व शीर यांच्यातलं अंतर वाढतं. या दोन आकड्यांनी जुळावं ही अपेक्षाच चूक आहे, कारण ते दोन वेगळ्या रक्तांचे आकडे आहेत. वर सांगितलेलं मानकसुद्धा मशीनची परीक्षा घेताना बोटाचंच रक्त लॅबच्या पद्धतीनेही मोजतं. बोट आणि शीर यांच्यातला नैसर्गिक फरक त्या 15 टक्क्यांत धरलेलाच नाही.

दुसरी गोष्ट लॅबच्या नळीत घडते, आणि ती कोणी सांगत नाही. रक्त नळीत गेलं तरी पेशी जिवंत असतात आणि ग्लुकोज खात राहतात. साध्या नळीत खोलीच्या तापमानाला हे प्रमाण तासाला सुमारे 5 ते 7 टक्के असतं. म्हणून शुगरसाठी राखाडी झाकणाची, फ्लोराइड घातलेली नळी वापरतात. पण फ्लोराइड ही प्रक्रिया लगेच थांबवत नाही. पहिल्या एक-दोन तासांत ग्लुकोज कमी होतच राहतं. घरी येऊन रक्त नेणाऱ्या माणसाची नळी फिरत फिरत उशिरा पोहोचली, तर लॅबचा आकडा तुमच्या अंगातल्या शुगरपेक्षा थोडा कमी येतो. लॅबचा छापील कागद म्हणजे ब्रह्मवाक्य मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मावशीचे लॅबचे कागद मी मशीनच्या मेमरीशी ताडून पाहिले. उपाशीपोटी मशीन 151, लॅब 143. फरक 8, म्हणजे लॅबच्या आकड्याच्या साधारण साडेपाच टक्के. उत्तम. त्याच दिवशी जेवणानंतर दोन तासांनी मशीन 228, लॅब 196. फरक 32, म्हणजे सोळा टक्क्यांच्या थोडा वर. मेसेजवाल्याला हवा असलेला 30 हाच! पण ती नळी प्रक्रियेला जायला तासाहून अधिक वेळ लागला होता. पाच टक्क्यांची घट धरली तरी रक्त काढलं तेव्हा शिरेतली शुगर 205 च्या आसपास असणार. उरलेला फरक अकरा टक्क्यांवर येतो, आणि त्यातला बराचसा बोट-शीर हाच आहे. मशीन ठणठणीत आहे. सकाळच्या 152 मधून 30 काढायला तर काडीचाही आधार नव्हता.

तुम्हाला तुमचं मशीन तपासायचंच असेल तर जेवणानंतर तपासू नका. उपाशीपोटी लॅबमध्ये जा, मशीन बरोबर न्या. साबण आणि पाण्याने हात धुऊन पूर्ण कोरडे करा. शिरेतून रक्त घेतलं की पाच मिनिटांच्या आत दुसऱ्या हाताच्या बोटाच्या कडेला टोचा आणि शिरेतल्या नाही, बोटाच्या रक्ताचं रीडिंग घ्या. नळी लगेच प्रक्रियेला जाईल का, हे तिथेच विचारा. मग मशीनच्या आणि लॅबच्या आकड्यातला फरक लॅबच्या आकड्याने भागा आणि 100 ने गुणा. एका जोडीवरून निकाल देऊ नका. वेगवेगळ्या दिवशी, दोन-तीनदा पाहा. दर वेळी फरक एकाच बाजूला आणि हद्दीबाहेर गेला तर मशीनवर शंका घ्यायला जागा आहे. आणि शंका आली तरी आकड्यांत कपात करायची नाही. आधी स्ट्रिपची मुदत पाहा, डबीचं झाकण उघडं राहिलं होतं का ते पाहा, कंट्रोल सोल्युशनचा, म्हणजे ठरावीक ग्लुकोज असलेल्या द्रवाचा, थेंब घालून आकडा डबीवर छापलेल्या पट्ट्यात येतो का ते पाहा.

एक खरं अपवादात्मक कारण रक्ताचंच असतं. ज्यांचं हिमोग्लोबिन खूप कमी आहे, त्यांच्यात बरीच मशीनं शुगर जास्त दाखवतात. रक्त दाट असेल तर कमी. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, किती असेल तोवर आकडा भरवशाचा, ते माहितीपत्रकात असतं. अशा माणसाने ही गोष्ट डॉक्टरांना दाखवावी. तिथेही 30 हा आकडा कुठून येणार?

कंपन्यांच्या कटाबद्दल फार बोलायला नको. मुद्दाम जास्त दाखवणारं मशीन वरच्या चाचणीतच नापास होईल.

पहिल्या थेंबाचं म्हणणं अर्धवट बरोबर आहे. हात साबणाने धुऊन कोरडे केले असतील तर पहिला थेंब चालतो. हात धुणं शक्यच नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. पण पुसणं म्हणजे धुण्याला पर्याय नाही. फळ सोलल्यावर बोटाला लागलेली साखर आकडा भलताच वर नेते, आणि 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नुसतं स्पिरिटने बोट पुसूनही तो वरच राहिला होता. नळाच्या पाण्याने हात धुतल्यावर मात्र ठीक आला. थेंब काढायला बोट पिळू नका, पेशीबाहेरचं पाणी मिसळून आकडा बिघडतो.

मशीनच्या आकड्यावरून कोणाला नवा मधुमेह आहे की नाही हे ठरवत नाहीत, त्यासाठी लॅबचाच रिपोर्ट लागतो. रोजचा डोस ठरवायला मात्र पडद्यावर दिसतो तोच आकडा वहीत लिहायचा. मावशीने आता मागची पानं मशीनच्या मेमरीवरून दुरुस्त केली आहेत आणि तिच्या डॉक्टरांना फोन करून खरे आकडे सांगितले आहेत. डोस 2 युनिटने वाढला आहे.