चार हजार तास कुठे गेले?

"यूट्यूब स्टुडिओत माझे व्हिडिओ बघितल्याचे ४,१०० तास दिसतात, सबस्क्राइबर १,२०० आहेत, तरी यूट्यूबवर जाहिरातींच्या कमाईसाठी अर्ज का करता येत नाही?"

त्यात शॉर्ट्सचे तास मिसळलेले असणार. शॉर्ट्स फीडमधले तास पात्रतेसाठी लागणाऱ्या ४,००० तासांत धरत नाहीत. खरा आकडा 'Earn' टॅबमध्ये बघा. मोजणीही मागच्या ३६५ दिवसांचीच असते, त्यामुळे जुने तास रोज गळतात. व्हिडिओ प्रायव्हेट केलात तर त्याचेही गेले.

कमाईचं म्हणाल, तर माझ्या पाककृतींच्या चॅनलवर हजार व्ह्यूजना जेमतेम ४० रुपये सुटतात. लोक सरासरी तीन मिनिटं बघत असतील, तर ४,००० तास म्हणजे ८०,००० व्ह्यूज. झाले ३,२०० रुपये, तेही वर्षाचे! १०० डॉलर साठेपर्यंत बँकेत दमडी येत नाही. मला चौदा महिने लागले, तेही चकलीचा एक व्हिडिओ दिवाळीत चालला म्हणून.