धर्म-राजकारणावरचा पेपर तपासताना

गेल्या पावसाळ्यात एका जर्नलकडून पेपर आला रिव्ह्यूला, आणि त्यावर रिपोर्ट लिहायला मला तीन आठवडे लागले. गोपनीयता असते म्हणून भाग आणि आकडे बदलून सांगतोय, पण मुद्दा तोच आहे. विषय होता विदर्भातले बौद्ध मतदार. लेखकाने जनगणनेतून तालुकावार बौद्ध लोकसंख्येची टक्केवारी घेतली, शेजारी एका पक्षाच्या मतांची टक्केवारी मांडली, दोन्ही सोबत वाढतात हे दाखवलं आणि निष्कर्ष काढला की बौद्ध लोक त्या पक्षाला एकगठ्ठा मतं देतात.

मी नागपूरचा, दीक्षाभूमीपासून चालत दहा मिनिटांवर वाढलो. ‘एकगठ्ठा’ शब्द वाचला आणि डोकंच फिरलं. पहिला मसुदा रागातच लिहिला, त्यात लेखकाच्या राजकीय कलावर दोन परिच्छेद होते. दुसऱ्या दिवशी वाचून पाहिलं तर लेखकाला त्यातून काहीच दुरुस्त करता आलं नसतं. माणूस कोणत्या बाजूचा आहे हा माझा प्रश्नच नव्हता बाप्पा, त्याचा पुरावा त्याचा दावा पेलतो का एवढंच बघायचं होतं. ते दोन्ही परिच्छेद काढून टाकले.

मग नव्याने सुरुवात केली. आधी पाच-सहा ओळींत पेपर काय म्हणतो ते माझ्या शब्दांत लिहिलं, असं की लेखकाने वाचून म्हणावं हो, हेच म्हणायचंय मला. हे लिहितानाच खरी अडचण सापडली. दावा माणसांबद्दल होता आणि पुरावा तालुक्यांबद्दल. समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सनने 1950 मध्येच दाखवलंय की प्रदेशांच्या आकड्यांवरून माणसांच्या वागण्याचा निष्कर्ष काढता येत नाही, पण नुसतं त्याचं नाव फेकून लेखकाला काय मिळणार, म्हणून उदाहरण करून दिलं. समजा एका तालुक्यात मतदान करणारे 100 जण, त्यातले 30 बौद्ध, आणि पक्षाला मिळाली 40 मतं. ही 40 म्हणजे सगळे 30 बौद्ध आणि इतर 10 असू शकतात. आणि एकाही बौद्धाने मत दिलं नाही, सगळी 40 उरलेल्या 70 मधूनच आली, असंही असू शकतं. आकडे दोन्हीकडे तेच. उलट जिथे 100 पैकी 70 बौद्ध आहेत आणि पक्षाला 80 मतं आहेत तिथे इतर तीसच्या तीस मतं धरली तरी किमान 50 मतं बौद्धांचीच निघतात, म्हणजे 70 पैकी 50, तिथे ठामपणे बोलता येतं. पण लेखकाच्या यादीत असा तालुका एकही नव्हता.

आता इथे ‘पद्धत सदोष, रिजेक्ट’ लिहून मोकळं होता आलं असतं, बरेच जण तेच करतात, पण पेपरमध्ये बावीस मुलाखती होत्या आणि त्या फार चांगल्या होत्या, फक्त शोभेला वापरल्यासारख्या. म्हणून मी दोन रस्ते सुचवले. एक तर दावा लहान करा, बौद्ध वस्ती जास्त तिथे पक्ष मजबूत आहे एवढंच म्हणा आणि का याचं उत्तर मुलाखतींतून येऊ द्या. नाहीतर निवडणूक आयोगाच्या फॉर्म 20 मधले बूथवार निकाल घ्या. मात्र बूथच्या पातळीवर धर्माचा सरकारी आकडा मिळत नाही, वस्त्या स्वतः ओळखाव्या लागतील, हेही स्पष्ट लिहिलं. ज्या कामाला दोन वर्षं लागतील ते सहा महिन्यांच्या रिव्हिजनमध्ये मागणं मला अन्याय वाटतो.

दुसरा मुद्दा खुद्द जनगणनेचा. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातीच्या यादीत जागा मिळाली 1990 मध्ये, तोवर 1956 च्या धर्मांतराला चौतीस वर्षं होऊन गेली होती. त्या काळात सवलत जाऊ नये म्हणून कागदावर ‘हिंदू’च ठेवलेली घरं माझ्या ओळखीत आहेत, काहींकडे अजूनही तसंच चालू आहे. म्हणजे जनगणनेतला ‘बौद्ध’ रकाना आणि घरातला बौद्ध हे एकच नाहीत, आणि हा फरक सगळीकडे सारखा असेल असंही धरता येत नाही. यावर लेखकाकडून एक परिच्छेद मागितला, जास्त नाही.

‘एकगठ्ठा’ शब्दावर शेवटी एकच वाक्य लिहिलं, की आकडे हे सिद्ध करत नाहीत म्हणून शब्द काढावा. दुखावणारा आहे असं लिहिलं नाही, जरी मला दुखलं होतं. टायपो वगैरे वेगळे खाली दिले, मुख्य आक्षेपात मिसळले नाहीत. शिफारस मेजर रिव्हिजन. एडिटरच्या खाजगी रकान्यात लेखकाला न सांगितलेली एकही टीका टाकली नाही, मी दीक्षाभूमीच्या परिसरातला आहे एवढं मात्र कळवलं.

चार महिन्यांनी पेपर परत आला. शीर्षक बदललेलं, मुलाखती मधोमध आलेल्या, तक्ता एकच उरलेला. माझी एक सूचना लेखकाने नाकारली होती, दोन तालुके वगळा म्हटलं होतं मी, त्याने ते का ठेवले याचं अर्ध्या पानाचं कारण दिलं होतं. कारण बरोबर होतं. मी तसं एडिटरला लिहिलं आणि स्वीकारा म्हणून कळवलं.